चारशे की चाळीस हजार?

एसक्यूएलमध्ये लिहिलेल्या क्वेरीत काय हवे आहे एवढेच सांगितलेले असते. ते कोणत्या वाटेने शोधायचे, कोणते टेबल आधी उघडायचे, इंडेक्स वापरायचा की टेबल सरसकट वाचायचे, याबद्दल क्वेरीत अक्षरही नसते. हे सारे डेटाबेसमधला ऑप्टिमायझर ठरवतो. त्याने ठरवलेल्या कामाच्या क्रमाला प्लॅन म्हणतात. एकाच क्वेरीचे अनेक प्लॅन निघतात आणि सगळ्यांचे उत्तर सारखेच येते. फरक पडतो तो वेळेत: एक प्लॅन डोळ्याचे पाते लवण्याआधी संपतो, तर दुसरा चहा पिऊन आले तरी चालूच असतो.

निवड कशी करायची याची आजही वापरात असलेली रीत १९७९ साली मांडली गेली. सॅन होजे इथल्या आयबीएमच्या संशोधन केंद्रात सिस्टम आर नावाचा प्रायोगिक डेटाबेस तयार होत होता. त्याच्या ऑप्टिमायझरवर पॅट्रिशिया सेलिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या वर्षी निबंध लिहिला. कल्पना सरळ होती. प्रत्येक संभाव्य प्लॅनला किती खर्च येईल याचा अंकात अंदाज करायचा आणि सर्वांत स्वस्त प्लॅन चालवायचा. हा खर्च म्हणजे डिस्कवरची पाने वाचण्याचे आणि ओळी तपासण्याचे श्रम. पोस्टग्रेस या मुक्त डेटाबेसमध्ये आजही हाच हिशेब चालतो आणि तो उघडपणे पाहता येतो, म्हणून पुढचे उदाहरण त्याच्याच पद्धतीने मांडले आहे.

पोस्टग्रेसच्या दरपत्रकात एक पान ओळीने वाचण्याचा खर्च १ धरलेला असतो. मध्येच कुठलेतरी पान उडी मारून वाचायचे तर `random_page_cost` नुसार ४. एक ओळ तपासण्याला ०.०१. हे दर म्हणजे सेकंद नव्हेत की रुपये नव्हेत. प्लॅनची आपसात तुलना करण्यापुरते ते एकक आहे. दर ठरलेले असतात, त्यामुळे सगळा हिशेब एकाच प्रश्नावर येऊन थांबतो: किती पाने, किती ओळी? प्रत्येक टप्प्यातून किती ओळी बाहेर पडतील, या संख्येला कार्डिनॅलिटी म्हणतात. क्वेरी चालवण्याआधी ती माहीत नसते, ती अंदाजानेच काढावी लागते.

पुस्तके विकणाऱ्या एका काल्पनिक संकेतस्थळाचा डेटाबेस घेऊ. त्यात तीन टेबले आहेत. `customers` मध्ये २० लाख ग्राहक, `orders` मध्ये १ कोटी ऑर्डरी आणि `books` मध्ये ५०,००० पुस्तके. एका ऑर्डरीत एकच पुस्तक आहे असे मानू. म्हणजे सरासरीने एका ग्राहकाच्या ५ ऑर्डरी आणि एका पुस्तकाच्या २०० ऑर्डरी. ग्राहकांवर राज्य, जिल्हा, तालुका असा एकत्र इंडेक्स आहे. ऑर्डरींवर ग्राहकाच्या क्रमांकाचा एक आणि पुस्तकाच्या क्रमांकाचा दुसरा इंडेक्स आहे. पुणे जिल्ह्याच्या हवेली तालुक्यातल्या ग्राहकांनी एका विशिष्ट लेखकाची कोणती पुस्तके घेतली, हे शोधायचे आहे.

```sql
SELECT c.name, o.order_date, b.title
FROM customers c
JOIN orders o ON o.customer_id = c.id
JOIN books b ON b.id = o.book_id
WHERE c.state = 'महाराष्ट्र'
  AND c.district = 'पुणे'
  AND c.taluka = 'हवेली'
  AND b.author_id = 57;
```

ऑप्टिमायझरला पहिला अंदाज करायचा आहे तो ग्राहकांचा. त्यासाठी त्याच्याकडे आधीच गोळा केलेली आकडेवारी असते. `ANALYZE` ही आज्ञा टेबलातून नमुना उचलते, मूळ सेटिंग असेल तर ३०,००० ओळींचा, आणि प्रत्येक रकान्याबद्दल काही नोंदी ठेवते: वेगवेगळ्या किती किमती आढळल्या, सर्वाधिक वेळा येणाऱ्या किमती कोणत्या आणि त्यांचे प्रमाण किती, उरलेल्या किमती कशा पसरल्या आहेत. आपल्या डेटाबेसात या नोंदी सांगतात की २० टक्के ग्राहक महाराष्ट्रातले, ५ टक्के पुणे जिल्ह्यातले आणि २ टक्के हवेली तालुक्यातले आहेत. तिन्ही आकडे अगदी बरोबर आहेत असे धरू.

चूक होते ती हे आकडे एकत्र आणताना. एका रकान्याचा दुसऱ्याशी संबंध आहे की नाही, याची नोंद ऑप्टिमायझरकडे नसते. मग तो मानतो की संबंध नाहीच, आणि तिन्ही प्रमाणांचा गुणाकार करतो. ०.२० गुणिले ०.०५ गुणिले ०.०२ म्हणजे ०.०००२. वीस लाखांना याने गुणले की उत्तर येते ४०० ग्राहक.

हवेली तालुका पुणे जिल्ह्यात आहे आणि पुणे जिल्हा महाराष्ट्रात आहे, हे शाळकरी पोरही सांगेल. तालुका एकदा ठरला की बाकीच्या दोन अटींनी एकही ग्राहक गळत नाही. खरी संख्या २० लाखांच्या २ टक्के, म्हणजे ४०,००० आहे. अंदाज शंभर पटीने कमी निघाला, आणि तोही आकडेवारीत एकही चूक नसताना. जुनी आकडेवारी ताजी केली की अंदाज सुधारतात हे बऱ्याच वेळा खरे असते. इथे मात्र `ANALYZE` कितीही वेळा चालवले तरी उत्तर ४००च येणार.

आता हा अंदाज पुढच्या टप्प्यात कसा उतरतो ते पाहू. पुस्तकांचे टेबल क्षणभर बाजूला ठेवून फक्त ग्राहक आणि ऑर्डरी जोडायच्या असे समजू. त्याचे दोन मुख्य मार्ग आहेत. पहिला नेस्टेड लूप: एकेक ग्राहक घ्यायचा आणि इंडेक्सच्या आधारे त्याच्या ऑर्डरी शोधायच्या. एका ग्राहकासाठी इंडेक्सचे एक पान आणि ऑर्डरींची पाच पाने उघडावी लागतील, कारण ऑर्डरी वेगवेगळ्या वेळी आल्या आणि त्या टेबलभर विखुरलेल्या आहेत. सहा उड्या, प्रत्येकी ४. वरचे किरकोळ श्रम धरून ग्राहकामागे सुमारे २५. दुसरा मार्ग हॅश जॉइन: निवडलेल्या ग्राहकांची मेमरीत एक झटपट शोधता येईल अशी यादी करायची आणि ऑर्डरींचे सगळे टेबल एकदा सलग वाचून प्रत्येक ऑर्डरीचा ग्राहक त्या यादीत आहे का ते पाहायचे. एका पानावर १०० ऑर्डरी मावतात असे धरले तर पाने होतात १ लाख. पाने वाचण्याचे १ लाख, १ कोटी ओळी तपासण्याचे १ लाख आणि यादीत शोधण्याचे २५,०००, असा एकूण खर्च २,२५,०००.

दोन्ही खर्चांचा स्वभाव वेगळा आहे. हॅश जॉइनचा खर्च जवळजवळ स्थिर राहतो. ग्राहक ४०० असोत की ४०,०००, ऑर्डरींचे टेबल एकदाच वाचायचे आहे. नेस्टेड लूपचा खर्च मात्र ग्राहकांच्या संख्येबरोबर सरळ वाढत जातो. सुमारे ९,००० ग्राहकांपाशी दोघे सारखे होतात. त्याच्या खाली नेस्टेड लूप स्वस्त, वर हॅश जॉइन.

हवेलीसाठी ऑप्टिमायझरच्या मनात ४०० आहेत, म्हणून तो नेस्टेड लूपचा खर्च १०,००० मांडतो आणि तोच मार्ग घेतो. प्रत्यक्षात ग्राहक निघतात ४०,००० आणि खर्च होतो १० लाख. हॅश जॉइन त्याच्या चौथाई श्रमात काम उरकला असता.

हीच क्वेरी त्याच जिल्ह्यातल्या जुन्नर तालुक्यासाठी केली आणि तिथे ०.२ टक्के ग्राहक असले तर अंदाज येतो ४० आणि खरी संख्या असते ४,०००. इथेही चूक शंभर पटीचीच आहे. पण ४० आणि ४,००० हे दोन्ही आकडे ९,००० च्या अलीकडे असल्यामुळे नेस्टेड लूप निवडला जातो आणि तो योग्यही असतो. अंदाज किती पटीने चुकला यापेक्षा तो प्लॅन बदलणारा उंबरठा ओलांडतो का, यावर सगळे ठरते. एका तालुक्याला झटक्यात येणारा अहवाल दुसऱ्या तालुक्याला अडकून का बसतो, या नेहमीच्या तक्रारीचे मूळ पुष्कळदा इथे सापडते.

हा हिशेब ढोबळ आहे. एकदा वाचलेले पान मेमरीत राहते आणि दुसऱ्यांदा स्वस्तात मिळते, याची सूट पोस्टग्रेस आपल्या सूत्रात धरतो. इथे ती सोडली आहे. ती धरल्यास १० लाखांचा आकडा बराच खाली येतो, पण हवेलीसाठी हॅश जॉइन स्वस्त हा निष्कर्ष बदलत नाही.

आता पुस्तकांचे टेबल परत आणू. तीन टेबले आली की कोणती दोन आधी जोडायची हा प्रश्न उभा राहतो. ग्राहक आणि पुस्तके यांच्यात थेट दुवा नाही, ऑर्डरीतूनच जावे लागते. म्हणून खऱ्या अर्थाने दोन क्रम उरतात. ग्राहकांपासून सुरुवात करून ऑर्डरींकडे आणि मग पुस्तकांकडे जायचे, किंवा पुस्तकांपासून निघून ऑर्डरीमार्गे ग्राहकांकडे यायचे. उत्तर एकच येणार असले तरी मधल्या टप्प्यावर किती ओळींचे ओझे वाहावे लागेल, ते क्रमावर अवलंबून असते.

जोडणीतून किती ओळी निघतील याचेही सूत्र आहे. दोन्ही बाजूंच्या ओळींचा गुणाकार करायचा आणि ज्या रकान्यावर जोडणी आहे त्यातल्या वेगवेगळ्या किमतींच्या संख्येने भागायचे. दोन बाजूंना ही संख्या वेगळी असेल तर मोठी घ्यायची. ४०० ग्राहक गुणिले १ कोटी ऑर्डरी भागिले २० लाख ग्राहक क्रमांक, म्हणजे २,००० ऑर्डरी. ग्राहकांचा अंदाज शंभर पट कमी होता, तेवढीच चूक गुणाकारातून इथे आली: खऱ्या ऑर्डरी २ लाख आहेत. दुसऱ्या बाजूने पाहिले तर त्या लेखकाची पुस्तके २०, प्रत्येकाच्या २०० ऑर्डरी, म्हणजे ४,०००. इथे एकच साधी अट असल्यामुळे अंदाज खरा ठरतो.

ग्राहकांपासून निघालेल्या क्रमाचा अंदाजित खर्च असा: इंडेक्समधून ४०० ग्राहक काढायला सुमारे २,००० आणि त्यांच्या ऑर्डरी आणायला १०,०००. पुस्तकांची २० नावे मेमरीत ठेवून ताडून पाहायची, त्याला काही लागत नाही. एकूण १२,०००. पुस्तकांपासून निघायचे तर ४,००० विखुरलेल्या ऑर्डरी आणायला १६,००० आणि प्रत्येक ऑर्डरीचा ग्राहक शोधायला दोन पाने धरून ३२,०००. एकूण सुमारे ५०,०००. ऑप्टिमायझर १२,००० वाला क्रम उचलतो. हातात असलेल्या आकड्यांवरून पाहता त्याचा निर्णय चोख आहे.

खरे आकडे घातले की पारडे फिरते. ग्राहकांपासून निघणाऱ्या क्रमाला १० लाखांहून जास्त खर्च येतो. पुस्तकांपासून निघणाऱ्या क्रमाचा खर्च ५०,०००च राहतो, कारण त्याचा हवेलीच्या अंदाजाशी संबंधच नाही; तालुक्याची अट तिथे अगदी शेवटी, हातात आलेल्या ४,००० ओळींवर लागते. वीस पटीचा फरक पडला तो एका क्रमामुळे, आणि तो क्रम ठरला एका गुणाकारामुळे.

हा दोष ओळखायला `EXPLAIN ANALYZE` पुरते. ही आज्ञा क्वेरी खरोखर चालवते आणि प्रत्येक टप्प्याचा अंदाज आणि प्रत्यक्ष संख्या शेजारी शेजारी छापते. वरच्या क्वेरीचा मधला भाग, खर्च आणि वेळेचे आकडे गाळून, असा दिसेल:

```
Nested Loop (rows=2000) (actual rows=200000 loops=1)
  -> Index Scan on customers c
       (rows=400) (actual rows=40000 loops=1)
  -> Index Scan on orders o
       (rows=5) (actual rows=5 loops=40000)
```

हे आतून बाहेर वाचायचे असते. सगळ्यांत वरच्या ओळीत मोठी तफावत दिसली म्हणून तिथे शोध घेण्यात अर्थ नाही. ती खालून आलेली असते. तफावत पहिल्यांदा कुठे उगवली ते बघायचे. इथे ती `customers` पाशी आहे, ४०० विरुद्ध ४०,०००. `orders` ची ओळ पाहताना मात्र घाई नडते. तिथे ५ विरुद्ध ५ असे जुळलेले दिसते, कारण हे आकडे दर फेरीचे आहेत. फेऱ्या किती झाल्या ते `loops` मध्ये लिहिले आहे: चाळीस हजार. ऑप्टिमायझरने चारशे धरल्या होत्या.

उपाय म्हणजे राज्य, जिल्हा आणि तालुका यांचे नाते डेटाबेसला सांगणे. पोस्टग्रेसमध्ये २०१७ साली आलेल्या दहाव्या आवृत्तीपासून त्याची सोय आहे.

```sql
CREATE STATISTICS cust_place (dependencies)
  ON state, district, taluka FROM customers;
ANALYZE customers;
```

यानंतर नमुना घेताना पोस्टग्रेस एक जास्तीची गोष्ट मोजतो: तालुका कळला तर जिल्हा किती वेळा आपोआप ठरतो. उत्तर १ च्या जवळ येते, पण नेमके १ येत नाही. कर्जत रायगडातही आहे आणि अहिल्यानगर जिल्ह्यातही. खेड पुण्यात आहे आणि रत्नागिरीतही. तरी एवढ्या नोंदीने हवेलीचा अंदाज ४०० वरून ४०,००० च्या आसपास येतो. मग ग्राहकांपासून निघणारा नेस्टेड लूप १० लाखांचा दिसू लागतो, ऑर्डरी सलग वाचणारा हॅश जॉइन सव्वादोन लाखांचा, आणि ५०,००० वाला पुस्तकांचा क्रम आपणहून निवडला जातो. क्वेरीतले एक अक्षरही बदलावे लागत नाही.

या उपायालाही मर्यादा आहेत. कोणी चुकून राज्य गोवा आणि जिल्हा पुणे अशी अट घातली तर उत्तर शून्य ओळी असते. अवलंबित्वाची नोंद मात्र धरून चालते की अटी एकमेकींशी जुळणाऱ्याच आहेत, आणि शून्याऐवजी मोठा अंदाज देते. अशा ठिकाणी किमतींच्या जोड्याच मोजून ठेवणारी आकडेवारी जास्त उपयोगी पडते. ती पोस्टग्रेसच्या बाराव्या आवृत्तीत आली. दुसरी मर्यादा अधिक खोल आहे. ही सगळी आकडेवारी एका टेबलापुरती असते. ५७ क्रमांकाचा लेखक मराठीत लिहिणारा असेल, तर त्याच्या ४,००० ऑर्डरींपैकी हवेलीतल्या ग्राहकांच्या ऑर्डरी २ टक्क्यांपेक्षा बऱ्याच जास्त निघतील, कारण मराठी पुस्तके मराठी वाचकच घेणार. हे नाते `books` मध्ये नाही आणि `customers` मध्येही नाही, ते दोहोंच्या जोडणीतून जन्माला येते. ऑप्टिमायझर तिथे पुन्हा गुणाकाराकडे वळतो आणि २ टक्क्यांच्या हिशेबाने ८० ओळी सांगतो.

टेबले वाढत गेली की अशा चुका एकमेकींवर चढत जातात. २०१५ साली म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठातले व्हिक्टर लाइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे मोजून दाखवले. नमुन्यादाखल बनवलेल्या डेटामध्ये किमती एकसारख्या पसरलेल्या असतात आणि तिथे अंदाज छान जुळतात. म्हणून त्यांनी आयएमडीबी या चित्रपटांच्या संग्रहाचा खरा डेटा घेतला आणि त्यावर ११३ क्वेरी लिहिल्या. जोडण्या वाढतील तसे अंदाज झपाट्याने बिघडत गेले आणि बहुतांशी कमीकडे झुकले. ऑप्टिमायझरला ओळींच्या खऱ्या संख्या पुरवल्या तेव्हा प्लॅन चांगलेच सुधारले. पाने आणि ओळींचे दर अधिक नेमके करून त्यामानाने थोडाच फायदा झाला. एखादी क्वेरी रेंगाळली की `random_page_cost` सारखे दर बदलून पाहण्याची सवय पुष्कळांना असते. त्याआधी ओळींचे अंदाज तपासावेत, असे हा निष्कर्ष सांगतो.

क्रम किती असू शकतात हा वेगळाच डोंगर आहे. एकामागून एक टेबल जोडत जायचे ठरवले तरी दहा टेबलांचे ३६,२८,८०० क्रम होतात. सेलिंजर यांच्या रीतीत ते सगळे मोजावे लागत नाहीत. आधी प्रत्येक दोन टेबलांच्या जोडीचा स्वस्त मार्ग काढायचा, तो लक्षात ठेवायचा, त्यावरून तीन टेबलांचे गट, मग चारांचे. ग्राहक आणि ऑर्डरी यांचा स्वस्त मार्ग एकदा सापडला की त्या जोडीचा महाग मार्ग पुढे नेण्याचे कारण उरत नाही. अपवाद एवढाच ठेवला आहे की महाग मार्गाने ओळी पुढे उपयोगी पडेल अशा क्रमाने लावून मिळत असतील तर तोही जपायचा, कारण नंतरचे सॉर्टिंग वाचते. तरीही काम वाढतच जाते, म्हणून पोस्टग्रेस बारा टेबलांपासून पुढे सगळे तपासणे सोडतो आणि काही क्रम निवडून त्यांचीच अदलाबदल करत शोध घेतो. तिथे सर्वोत्तम क्रमाची हमी नसते.

अंदाज चुकणारच हे गृहीत धरून काही डेटाबेसांनी निर्णयाचा एक तुकडा पुढे ढकलला आहे. ओरॅकलमध्ये २०१३ पासून आणि एसक्यूएल सर्व्हरमध्ये २०१७ पासून, काही क्वेरींत नेस्टेड लूप की हॅश जॉइन हे ओळी प्रत्यक्ष हातात येऊ लागल्यावर ठरवता येते. उंबरठा आधी काढून ठेवलेला असतो. पहिल्या बाजूच्या ओळी त्याच्या पुढे गेल्या तर हॅश, आत राहिल्या तर लूप. हवेलीच्या क्वेरीत या युक्तीने १० लाखांचा खर्च सव्वादोन लाखांवर आला असता. ५०,००० वर मात्र आला नसता: ग्राहक आधी की पुस्तके आधी, हा क्रम त्या घडीला बदलत नाही.